घणसोलीत आठवी ते दहावीचा छोटा क्लास: किती मुलं असली तर परवडतो?

समभुज

नमस्कार मंडळी. गणितात एमएस्सी, बीएड झालंय. कोपरखैरण्यात दुसऱ्यांच्या क्लासमध्ये नववी-दहावीला गणित शिकवते. तासावर पैसे मिळतात. मे महिना आणि दिवाळी कोरडी जाते, तरी वर्षाची सरासरी काढली तर महिना २२ हजार पडतात. आता स्वतःचं काहीतरी करावं असं डोक्यात आहे.

घणसोलीत स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर एका कॉम्प्लेक्समध्ये पहिल्या मजल्यावर गाळा बघितलाय. आतून मोजून २१० चौरस फूट, साधारण १० बाय २१. भाडं १६ हजार, डिपॉझिट ७५ हजार, ब्रोकरला एक महिन्याचं भाडं. एसएससी बोर्ड, सेमी आणि इंग्लिश मीडियम, फक्त गणित आणि विज्ञान घेणार. गणित आणि विज्ञान भाग १ मी स्वतः शिकवीन, भाग २ साठी एक मॅडम तासाला २५० वर यायला तयार आहेत. आजूबाजूच्या क्लासेसची फी विचारून आले. या दोन विषयांना नववीला वर्षाचे १८ हजारांच्या आसपास आणि दहावीला २२ हजार चालतात.

माझा प्रश्न सरळ आहे. किती मुलं मिळाली तर हे परवडेल? आणि एका बॅचला किती बसवावीत? नवरा म्हणतो आधी आकडा आण, मग नोकरी सोड.

वजाबाकी

सोपं आहे हो ताई. महिन्याचा खर्च काढा. भाडं १६ हजार, लाईट अडीच हजार, मॅडमचे साडेचार हजार, झाडलोट ८००, झेरॉक्स दीड हजार, मोबाईल-नेट ७००. झाले २६ हजार. फी महिन्याला साधारण दोन हजार धरा. २६ भागिले २ म्हणजे १३. तेरा मुलं आली की खर्च निघाला, चौदाव्यापासून नफा. पंचवीस मुलं झाली की तुमचे २२ हजार सुटले. घणसोलीत पंचवीस मुलं म्हणजे काहीच नाही, एका सोसायटीतून येतील.

फक्त जीएसटीचं बघून घ्या. कोचिंगला १८ टक्के आहे, तो फीवर लावावाच लागेल.

आरती_ऐरोली

छान धागा! मी पण विचारणारच होते. मी एका खाजगी अनुदानित शाळेत शिक्षिका आहे. संध्याकाळी घरीच दहा-बारा मुलांची पाचवी-सहावीची शिकवणी घ्यावी म्हणतेय. घरीच आहे म्हणजे भाडं नाही. तर मला किती फी ठेवता येईल?

मु.पो.कळवा

खारेगावात माझा क्लास आहे, आठवी ते दहावी, बराच काळ चालवतोय. समभुजताई, वजाबाकींच्या हिशेबावर गाळा घेऊ नका. बेरीज-भागाकार बरोबर आहे, पण त्यात जी फी धरलीय ती तशी येत नाही. सावकाश लिहितो.

पहिलं म्हणजे भाडं बारा महिने जातं, फी बारा महिने येत नाही. तुम्ही स्वतःच लिहिलंय की बाजारात वर्षाची फी चालते. नववीचे १८ हजार म्हणजे बारा महिन्यांत महिना दीड हजार. दोन हजार नव्हे. दहावीची मुलं जानेवारीत प्रिलिम झाली की यायची बंद होतात, फेब्रुवारीत बोर्ड सुरू. ज्याचा हप्ता तोवर राहिलाय तो राहिलाच. हॉल तिकीट शाळा देते, क्लास नाही, त्यामुळे आपल्या हातात पालकाला थांबवायला काहीच नसतं.

दुसरं, पाटीवरची फी आणि हातात पडलेली फी यात फरक असतो. भावंडांना सवलत, रिक्षावाल्या काकांच्या मुलीला सवलत, दिवाळीनंतर गावी गेलेलं कुटुंब, 'सर, पुढच्या आठवड्यात नक्की' म्हणणारे. शंभरातले ८५ आले तर माझ्या मते वसुली चांगली झाली. म्हणजे नववीचे १८ हजार हातात १५,३०० आणि दहावीचे २२ हजार हातात १८,७००. सरासरी १७ हजार धरा.

आता वर्षाचा खर्च. भाडं १,९२,०००. लाईट ३०,०००, गाळ्याचं मीटर कमर्शियल असतं आणि मार्चपासून एसी लागतो, म्हणून तेवढे धरायचेच. मॅडमचे दहा महिन्यांचे ४५,०००. झाडलोट, झेरॉक्स, नेट मिळून ३३,०००. हे झाले बरोबर तीन लाख. त्यावर पत्रकं, बॅनर यांचे १५ हजार. बाकं, फळा, एसी, रंग, पंखे यांवर सुरुवातीला लाखभर जातील, ते चार वर्षांत वाटले तर वर्षाला २५ हजार. एकूण ३ लाख ४० हजार.

३,४०,००० भागिले १७,००० म्हणजे २० मुलं. वीस मुलांवर तुम्ही वर्षभर फुकट राबलात. तुमचे २२ हजार महिना, म्हणजे २,६४,०००, त्यात मिळवले की ६,०४,००० होतात. त्याला ३६ मुलं लागतात. खरा आकडा हा आहे. बाकी जागा, बॅच आणि पहिलं वर्ष यावर उद्या लिहितो, आता साडेसातची बॅच बसलीय.

वजाबाकी

साहेब, वसुली ८५ टक्केच का? सगळी फी जूनमध्ये आगाऊ घ्या ना. मोठे क्लास घेतातच की. आगाऊ घेतली की बुडवायचा प्रश्नच नाही.

नेरूळचा बाबा

आगाऊ म्हणूनच आम्ही पोळलो. मुलीला एका नावाजलेल्या क्लासमध्ये घातलं, पूर्ण वर्षाची फी एकरकमी घेतली, गणिताचे सर ऑगस्टमध्ये सोडून गेले आणि नवीन सर ऑक्टोबरपर्यंत आले नाहीत. पैसे परत मागितले तर पावतीच्या मागे बारीक अक्षरात 'फी परत मिळणार नाही' लिहिलेलं दाखवलं. त्यामुळे ताई, तुम्ही एकरकमी मागितलीत तर माझ्यासारखा पालक दारातूनच परत जाईल. आणि तुमचं अजून नावही नाही, राग मानू नका.

चहाबिस्कीट

एवढी कटकट कशाला? यूट्यूबवर सगळं फुकट आहे. आता कोण क्लासला येतं? ऑनलाइन शिकवा, भाडं शून्य, देशभरातून मुलं.

समभुज

@चहाबिस्कीट, ऑनलाइन मी शिकवलंय. आठवी-नववीचं मूल कॅमेरा बंद करून काय करतं ते सगळ्यांना माहीत आहे. आमच्याकडच्या पालकांना मूल दीड तास घराबाहेर, कोणाच्या तरी नजरेसमोर हवं असतं. निम्मी फी त्याचीच असते.

@वजाबाकी, @मु.पो.कळवा, दोघांचेही आभार. ३६ ऐकून जरा धस्स झालं. एका बॅचमध्ये २५ घेतली तर दोन बॅचमध्ये भागेल का?

मु.पो.कळवा

पंचवीस बसत नाहीत. तुमच्या गाळ्यात फळ्यासमोर शिकवणाऱ्याला पाच फूट लागतात, नाहीतर पहिल्या बाकावरच्याला फळ्याचा कोपरा दिसत नाही. मागे दारापाशी चपला-दप्तरांना दोन फूट. उरले १४ फूट. डेस्कसकट बाकाला पावणेतीन फूट धरले तर पाच ओळी. रुंदी दहा फूट, म्हणजे चार-चार फुटांची दोन बाकं आणि मधे दोन फुटांची वाट. दहा बाकं, बाकावर दोघं, वीस मुलं. चार फुटांच्या बाकावर तिघं बसवणारे आहेत, पण मग टेस्टच्या दिवशी तिघांचं उत्तर एकच येतं.

आणि वीस बसतात म्हणून वीस घ्यावीत असंही नाही. दहावीला मी पंधरा-सोळाच्या वर जात नाही, कारण पेपर तपासायचे असतात. चाळीस मार्कांचा भूमितीचा पेपर नीट, पायरीपायरीने तपासायला सहा-सात मिनिटं जातात. वीस पेपर म्हणजे दोन तासांच्या वर, आणि हे तास फीमध्ये कुठेच दिसत नाहीत. दर आठवड्याला टेस्ट घेऊन रविवारपर्यंत पेपर परत देणारा क्लास आणि 'तपासून देतो' म्हणणारा क्लास, पालक दिवाळीपर्यंत ओळखतात. नवीन क्लासची जाहिरात तीच.

म्हणजे दोन बॅचमध्ये ३६ बसवायची तर दोन्ही जवळजवळ भरलेल्या हव्यात. चार मुलं गळली की तुमचा पगार कापला. म्हणून तिसरी बॅच आठवीची काढा. साडेचार ते सहा आठवी, सहा ते साडेसात नववी, साडेसात ते नऊ दहावी. आठवीला १५ हजार फी मिळते, हातात १२,७५०. आठवीचं विज्ञान तुम्हीच घ्या, त्याला मॅडम नकोत. दहावी १४, नववी १४, आठवी १२ असा हिशेब केला तर २,६१,८०० अधिक २,१४,२०० अधिक १,५३,००० म्हणजे ६,२९,०००. एकूण मुलं चाळीस. तुमचे पैसे सुटून थोडं श्वास घ्यायला उरतं. मुलं चार वाढली, पण कुठलीच बॅच काठोकाठ भरायची गरज राहिली नाही.

एक फार महत्त्वाचं. चाळीस हा आकडा एकत्र मोजू नका, बॅचप्रमाणे मोजा. नवीन क्लासचा घात इथेच होतो. दारात आलेल्याला नाही म्हणवत नाही. सहा मुलं एसएससीची, पाच सीबीएसईची, तीन मराठी माध्यमाची. कागदावर नववीची चौदा मुलं दिसतात, प्रत्यक्षात तीन बॅच शिकवाव्या लागतात. सेमी आणि इंग्लिश मीडियम एकत्र चालतात, कारण गणित-विज्ञानाची पुस्तकं दोघांची इंग्रजीतच आणि तीच. सीबीएसईचं पुस्तक वेगळं, वर्ष एप्रिलला सुरू, आपलं जूनला. पाच मुलांसाठी आठवड्याचे सहा तास गेले की त्या तासात चौदा मुलं बसू शकली असती हे लक्षात ठेवा.

घरोबा

सीबीएसई सोडा म्हणणं मात्र पटलं नाही. पाम बीच बाजूला, खारघरला, अगदी घणसोलीच्या नव्या टॉवरमध्येसुद्धा निम्मी मुलं सीबीएसई-आयसीएसईची आहेत आणि ते पालक फी जास्त देतात. माझी बहीण सीवूड्सला फक्त आयसीएसई घेते, आठ-आठच्या बॅच, मुलामागे साडेतीन हजार महिना. तिला चाळीस मुलं लागतच नाहीत.

मु.पो.कळवा

घरोबा, तुमचं बरोबर आहे, पण तुमच्या बहिणीने *फक्त* आयसीएसई घेतलं, हे बघा. एकच बोर्ड, एकच पुस्तक, म्हणून आठात भागतं. मी मिसळीला नाही म्हणतोय. घणसोलीत स्टेशनच्या बाजूला माथाडी वसाहतीतली मुलं जास्त येणार की टॉवरमधली, हे ताईंनी संध्याकाळी शाळा सुटताना उभं राहून बघावं. गणवेशावरून कळतं.

वजाबाकी

बरं, ते जीएसटीचं राहिलं की. १८ टक्के कोणी धरलेच नाहीत.

पावतीबुक

टॅक्सचं काम करतो म्हणून लिहितो. सेवा व्यवसायात वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली तर जीएसटी नोंदणी. ताईंची उलाढाल सहा-सात लाख आहे, त्यांनी लावायचा संबंधच नाही. उलट नोंदणी नसताना पावतीवर जीएसटी लावून पैसे घेतले तर ते चुकीचं.

प्रोफेशनल टॅक्सची नोंदणी करा, स्वतःचा वर्षाला अडीच हजार. गुमास्त्याचं म्हणाल तर २०१७ च्या कायद्यानंतर तुमच्यासारखी मोजकीच माणसं कामाला असतील तर नोंदणी नाही, फक्त ऑनलाइन माहिती द्यायची, तिची पोच मिळते. ती बँकेत करंट खातं उघडताना उपयोगी पडते.

गाळ्याचा करार नोंदणीकृतच करा. नुसत्या नोटरीवर नको. आणि करारात वापर 'कोचिंग क्लास' असा लिहून घ्या. 'ऑफिस' लिहिलं आणि उद्या शेजारचा गाळेवाला जिन्यात चाळीस मुलं उभी असतात म्हणून तक्रार करायला लागला तर मालक हात वर करतो.

@आरती_ऐरोली, तुमच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही म्हणून सांगतो. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम २८. शाळेत शिक्षक असलेल्याला खाजगी शिकवणी घेता येत नाही. घर असो की गाळा. फीचा प्रश्न नंतरचा.

आरती_ऐरोली

अहो पण आमच्या शाळेतले अर्धे घेतात!

पावतीबुक

घेतात. तक्रार होईपर्यंत.

वजाबाकी

मग केंद्राचा तो नियम? १६ वर्षांखालच्या मुलांना क्लासला घेताच येत नाही म्हणे. पेपरात आलं होतं. म्हणजे आठवी-नववीची बॅचच बेकायदेशीर!

पावतीबुक

जानेवारी २०२४ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचना म्हणताय तुम्ही. त्यात हे आहे खरं. सोळा वर्षांखालील नको, दहावीच्या परीक्षेनंतरच प्रवेश. पण दोन गोष्टी. त्या सूचना आहेत, अंमल राज्यांनी करायचा. आणि त्यांत कोचिंग सेंटरची व्याख्याच पन्नासपेक्षा जास्त विद्यार्थी असलेल्या ठिकाणाची आहे. चाळीस मुलांचा क्लास त्यात बसत नाही.

त्यातल्या दोन गोष्टी मात्र चाळीसवाल्यानेही पाळाव्यात असं माझं मत. मुलामागे किमान एक चौरस मीटर जागा. ताईंचा गाळा साडेएकोणीस चौरस मीटरचा, म्हणजे एका वेळी एकोणीस, कळवेकरांनी बाकांवरून काढलेल्या विसाच्या जवळच. आणि मधेच सोडणाऱ्याला उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत. नेरूळच्या बाबांसारखे पालक हे वाचून येतात आता.

मु.पो.कळवा

पन्नासची रेघ मलाही छळते. माझ्याकडे त्याहून जास्त मुलं आहेत. राज्याने उद्या हे तसंच लागू केलं तर माझी आठवी-नववी जाते की नुसती नोंदणी करावी लागते, कोणी धड सांगत नाही. आमच्या क्लासवाल्यांच्या ग्रुपवर याच्यावर रोज भांडणं असतात.

समभुज

हे सगळं वहीत उतरवून घेतलं. पावतीबुक सर, खूप धन्यवाद, जीएसटीची भीती गेली.

कळवेकर सर, पहिल्या वर्षाबद्दल लिहिणार होतात. मी धरून चालले होते की माझ्या आत्ताच्या क्लासमधली दहा-बारा दहावीची मुलं माझ्याबरोबर येतील.

मु.पो.कळवा

ती मुलं धरू नका. एक तर ज्यांच्याकडे आज पगार घेता त्यांची मुलं उचलून नेणं बरं दिसत नाही, नवी मुंबईत क्लासवाले एकमेकांना ओळखतात. दुसरं, पालक शिक्षिकेवर खूश असला तरी दहावीच्या वर्षी हलत नाही. 'बोर्डाचं वर्ष आहे, मॅडम, धाकट्याला तुमच्याकडे पाठवतो' म्हणेल. आणि धाकटा आठवीत असतो!

नवीन क्लासला पहिल्या वर्षी दहावी मिळत नाही, कारण दाखवायला निकाल नसतो. मिळते ती आठवी-नववी. धरा आठवी ८, नववी ६, दहावी ३. हे मी चांगलं पहिलं वर्ष धरतोय. हातात येतात १,०२,००० अधिक ९१,८०० अधिक ५६,१००, म्हणजे अडीच लाख. रोख खर्च तीन लाख पंधरा हजार. पासष्ट हजारांची खोट, आणि तुमच्या हातात वर्षभर शून्य. शिवाय डिपॉझिट ७५ हजार अडकलेलं, बाकं-एसीचा लाख गेलेला, ब्रोकरचे सोळा हजार.

पण तीच सहा नववीची मुलं पुढच्या वर्षी तुमची दहावी असतात, आठ आठवीची नववी होतात. दरवर्षी फेब्रुवारीत वरची बॅच एकदम रिकामी होते, ती खालून भरली तरच क्लास टिकतो. म्हणून पहिल्या वर्षी दहावीच्या मागे पळून फी पाडू नका. आठवी-नववी पकडा, ती जपा. नववीतलं मूल दहावीला तुमच्याकडेच राहिलं का, हा एक आकडा दरवर्षी बघा. सहातली पाच राहिली तर क्लास चालणार. सहातली तीन गेली तर पत्रकं वाटून काही होत नाही, शिकवण्यात किंवा पेपर तपासण्यात कुठेतरी घोळ आहे.

आणि प्रवेश मार्च ते जूनमध्येच होतात. नववीची वार्षिक परीक्षा संपली की पालक लगेच दहावीचं बघायला लागतात, व्हेकेशन बॅच एप्रिलला सुरू. जुलैमध्ये पाटी लावणाऱ्याला उरलेसुरले मिळतात आणि भाडं मात्र पूर्ण वर्षाचं.

घरोबा

मग पहिल्या वर्षी घरीच का नाही घेत? हॉलमध्ये चटई टाकून दहा मुलं बसतात.

समभुज

वन बीएचके आहे आणि सासऱ्यांना संध्याकाळी बातम्या लागतात. 🙂 शिवाय सोसायटीचे सेक्रेटरी पाहुण्यांच्या गाडीवरूनसुद्धा नोटीस लावतात.

मु.पो.कळवा

घर नाही तर तासावर जागा बघा. घणसोली-कोपरखैरण्यात सकाळी चालणारे प्लेग्रुप, दुपारी चालणारे ॲबॅकसवाले, अकरावी-बारावी कॉमर्सच्या सकाळच्या बॅचवाले बरेच आहेत. त्यांची जागा साडेचार ते नऊ रिकामी असते. लाईटसकट महिना नऊ हजारांत संध्याकाळ मिळाली तर वर्षाचं भाडं १,०८,०००. मॅडम, झेरॉक्स, नेट, पत्रकं धरून सगळा खर्च १ लाख ९१ हजारांच्या आसपास. बाकं त्यांची, एसी त्यांचा. तीच सतरा मुलं, तेच अडीच लाख, पण आता पासष्ट हजार खोट नाही, साठेक हजार शिल्लक. पगार म्हणून काहीच नाही, पण घरातून पैसे घालावे लागत नाहीत. तीस मुलं झाली की स्वतःचा गाळा घ्या.

एकच अट. त्या जागेवाल्याच्या करारात दुसऱ्याला वापरायला देता येतं का ते मालकाकडून लेखी घ्या. नाहीतर ऑक्टोबरमध्ये सहामाहीच्या तोंडावर मालक येऊन विचारतो, या बाई कोण?

पावतीबुक

हे शंभर टक्के. मालकाची एक ओळीची संमती, सहीसकट.

वजाबाकी

पटलं, पण फी आगाऊ न घेण्याचं अजून पटत नाही. हप्ते म्हणजे वसुलीचं डोकेदुखीचं काम.

मु.पो.कळवा

हप्ते असे पाडायचे की शेवटचा दिवाळीआधी संपेल. प्रवेशाला ४० टक्के, ऑगस्ट-सप्टेंबरला ३५, दिवाळीच्या सुट्टीआधी २५. पालकाला एकरकमी जड जात नाही आणि जानेवारीला तुमचं काही बाकी राहत नाही. पावती प्रत्येक वेळी द्या, जीपेवर आले तरी.

नेरूळचा बाबा

४० टक्के प्रवेशालाच? पंधरा दिवस बसवून बघू दे आधी मुलाला. मी तर महिन्याच्या महिन्यालाच देईन.

मु.पो.कळवा

महिन्याच्या महिन्याला घेणारेही आहेत, बाबा. त्यांच्याकडे मे आणि ऑक्टोबरला मुलं 'गावी' जातात आणि फीही गावी जाते. आठवडाभर फुकट बसवा, एवढं मी करतो. पंधरा दिवस नाही.

रेवती कुळकर्णी-ठाणे

मी पालक आहे, वर्तकनगरला राहते. हिशेबातलं मला काही कळत नाही, पण एक विचारते. पहिल्या मजल्यावरच्या त्या गाळ्याला मुलींसाठी बाथरूम आहे का? कॉम्प्लेक्सचं कॉमन असेल तर त्याची किल्ली कोणाकडे असते? माझ्या मुलीचा आधीचा क्लास आम्ही फक्त त्यासाठी सोडला. शिकवणं उत्तम होतं. किल्ली खालच्या मोबाईलच्या दुकानदाराकडे असायची आणि मुली मागायला लाजायच्या, तीन तास तशाच बसायच्या. आणि रात्री नऊला बॅच सुटताना जिन्यात लाईट असतो का? २०१९ ला सुरतेत क्लासला आग लागून २२ जण गेले, तेव्हापासून मी जिना बघितल्याशिवाय मुलीला कुठे घालत नाही.

समभुज

रेवतीताई, हे मी बघितलंच नव्हतं. आज संध्याकाळी मुद्दाम जाऊन आले. बाथरूम मजल्यावर एकच, कॉमन, कुलूप. किल्ली वॉचमनकडे. जिना एक, आणि त्यात एका केटररने गॅसच्या रिकाम्या टाक्या ठेवल्यात.

मु.पो.कळवा

मग तो गाळा सोडा. भाडं चौदावर आणलं तरी सोडा.

समभुज

मालक चौदावर आलाच आहे. 🙂 उद्या सेक्टरमधल्या एका प्लेग्रुपच्या बाई भेटणार आहेत, त्यांची जागा तळमजल्यावर आहे, बाथरूम आतच. फक्त त्यांच्याकडे बाकं नाहीत, छोट्या मुलांच्या रंगीत खुर्च्या आहेत. नववीची मुलं त्यावर मावणार नाहीत. घडीची लेखन-पाटी असलेल्या खुर्च्या घेतल्या तर त्या रोज कुठे रचायच्या? कोणी वापरल्यात का?

घरोबा

बहिणीकडे आहेत. दहा खुर्च्या एकात एक रचून कोपऱ्यात तीन फुटांत बसतात. पण पाटी डाव्या हाताने लिहिणाऱ्याला त्रासाची, आणि भूमितीची पेटी तिच्यावरून घसरते. गणिताला खाली सतरंजी आणि बुटकं डेस्क बरं, असं ती म्हणते.

वजाबाकी

दहावीची मुलं सतरंजीवर? पालक बघून परत जातील.

मु.पो.कळवा

आठवी-नववी बसते, दहावी कुरकुर करते. तुमच्याकडे दहावी तीनच असणार आहे ताई, त्या तिघांपुरत्या खुर्च्या घ्या. प्लेग्रुपवाल्या बाईंना मात्र आधीच विचारा, शनिवारी त्यांचं स्नेहसंमेलन, पालकसभा वगैरे किती असतात. टेस्टचा वार त्यावर ठरेल.